टायर फुटला त्या उतारावर

माझा नवरा ट्रक चालवायचा. सोलापूर, विजापूर, हुबळी, कधी त्याच्याही खाली. एका उन्हाळ्यात कर्नाटकात त्याच्या ट्रकचा पुढचा टायर फुटला, त्यानं घाबरून ब्रेकवर सगळा जोर दिला आणि ट्रक जागच्या जागी आडवा होऊन उलटला. शेजारी बसलेला त्याचा जोडीदार ड्रायव्हर केबिनखाली सापडून गेला. नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो घरी आला तेव्हा आमच्याकडं कळंबमध्ये एक जुनी प्रवासी जीप होती. ती चालवायला माणूस नव्हता. मग मी शिकले.

शिकवलं त्यानंच. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या एका रानात तो मला घेऊन जायचा. स्वतः डाव्या सीटवर बसायचा, हातात निरगुडीची काठी. गाडी जरा वेगात आली की तो अचानक ती काठी दारावर हाणायचा आणि ओरडायचा, "फुटला!"

माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पाय ब्रेकवर गेला की काठीचा दुसरा फटका माझ्या नडगीवर.

"ब्रेक न्हाय. किती डाव सांगू? टायर फुटला की ब्रेकला शिवायचं न्हाय. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धर आन् गाडी सरळ ठेव. बास. ॲक्सिलेटरवरचा पाय बी झटक्यानं काढू नको, हळूहळू सोड. गाडी आपसूक मरत येती. लई हळू झाली की मग कडंला घे."

"हळू सांगा की. मारता कशाला?"

"टायर हळू सांगून फुटत न्हाय."

रडत रडत मी घरी यायचे. नडगीवर काळेनिळे वळ असायचे आणि शेजारच्या बाया ते बघून माझ्या नवऱ्याबद्दल वेगळंच काहीतरी समजायच्या. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही यायची. तो मला शिकवत नव्हता, ट्रक उलटला त्या क्षणाशी भांडत होता, हे मला दिसत होतं. पण वळ माझ्या पायावर उठत होते. एक दिवस मी काठी हिसकावून घेतली आणि मोडून रानात फेकली. दुसऱ्या दिवशी त्यानं नवी काठी आणली.

ब्रेक फेल झाला तर काय, हेही त्यानं तसंच घोकून घेतलं. "आपल्या जीपचे ब्रेक तेलाचे हायत. पाय खाली गेला तर उचलून परत दाब, परत दाब. थोडं तेल राहिलं असंल तर दाब येतोय. न्हाय आला तर गियर पाड. चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा, एकेक. इंजनच गाडीला धरून ठेवतंय. मग हँडब्रेक, पण एकदम वढायचा न्हाय, मागची चाकं लॉक झाली की गाडी फिरती. बटन दाबून धर आन् थोडा थोडा वढ. चावीला हात लावायचा न्हाय, स्टिअरिंग लॉक झालं की मेलीस. हॉर्न चालू ठेव, लाइट लाव. आन् थांबायला चढ बघ, वाळू बघ, माती बघ. काहीच न्हाय दिसलं तर डोंगराला घासत ने. समोरून धडकायचं न्हाय, बाजूनं घासायचं."

ट्रकला हवेचे ब्रेक असतात, तिथं असं पाय मारत बसलं तर उरलीसुरली हवाही निघून जाते, हेही तो सांगायचा. ते मला कधी लागणार नव्हतं. पण सांगताना त्याला ट्रकचं सुटत नव्हतं.

मी कळंब ते धाराशिव गाडी करायला लागले. सकाळी कोर्टाची, कचेरीची, दवाखान्याची माणसं न्यायची, दुपारनंतर परत आणायची. सुरुवातीला बाई चालवणार म्हटल्यावर काही माणसं उतरून जायची. नंतर सवय झाली. बाया तर माझीच गाडी बघून थांबायच्या. नवरा बहुतेक वेळा बरोबर असायचा, डाव्या सीटवर, प्लास्टिकचा पाय पुढं सोडून. तो रस्त्याकडं बघत बसायचा आणि माझ्या प्रत्येक वळणाला त्याची मान हलायची.

त्या दिवशी ऊन फार होतं. गाडी भरलेली होती, नवरा नेहमीसारखा शेजारी डाव्या सीटवर. माझ्या अगदी मागं एक म्हातारी होती, नातवाच्या जामिनासाठी निघालेली. तिच्या शेजारी दोन बाया सरकारी दवाखान्यात आपल्या भावजयीला बघायला चाललेल्या. बाकी माणसं. येरमाळा मागं टाकून आम्ही हायवेनं येडशीकडं निघालो होतो. तिकडं एका ठिकाणी डोंगर कापून रस्ता खाली उतरवला आहे. उजवीकडं दुभाजक, डावीकडं आधी डांबराची कड, मग उथळ नाली आणि तिच्यापलीकडं कापलेला उभा मुरूम.

उतार नुकताच सुरू झाला होता. रस्त्यावर काहीतरी पडलेलं होतं, लोखंडाचं, कुठल्यातरी गाडीवरून सांडलेलं. मला ते दिसलं आणि डाव्या चाकाखाली गेलंही.

आवाज बंदुकीसारखा झाला. पुढचं डावं चाक बसलं आणि गाडीनं डावीकडं अशी मुसंडी मारली की स्टिअरिंगनं माझे अंगठे पिरगाळले. मागं सगळे एकदम ओरडले. माझा पाय ब्रेककडं निघाला होता. मी तो मधेच थांबवला. त्या क्षणी मला काही आठवलं नाही, शब्द नाही, शिकवण नाही. फक्त नडगीवर काठी बसणार असं वाटलं.

मी स्टिअरिंग उजवीकडं ओढून धरलं. ते पॉवरचं नव्हतं. दोन माणसं पलीकडून खेचत असावीत तसं ते डावीकडं जात होतं. फुटलेल्या टायरचा पट्टा सुटून आतल्या पत्र्यावर फटाफट आदळत होता. पाय मी हळूहळू ॲक्सिलेटरवरून वर घेतला. गाडी सरळ होती. थरथरत होती, पण सरळ होती.

तेवढ्यात नवरा ओरडला, "ब्रेक मार! ब्रेक मार! उलटंल!"

ज्यानं माझ्या पायावर वळ उठवले तोच माणूस. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मग त्याचा हात आला आणि त्यानं स्टिअरिंग पकडून स्वतःकडं ओढलं. गाडी नालीकडं झुकली. मागची म्हातारी माझ्या सीटच्या पाठीवर येऊन आदळली. मी डाव्या हाताचं कोपर मागंपुढं न बघता त्याच्या तोंडावर हाणलं. हाड मोडल्याचं मला कोपरात कळलं. त्याचा हात सुटला. मी गाडी परत ओढून सरळ केली.

वेग कमी होत होता, पण उतार पुढं तीव्र होत होता. आता हळूच कडेला घ्यावी म्हणून मी ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवला. पाय खाली गेला. नुसता गेला, लोण्यात गेल्यासारखा, थेट फळीपर्यंत. फटके मारणाऱ्या त्या टायरच्या पट्ट्यानं चाकाजवळची ब्रेकची नळी फाडली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पायाखाली काही नाही.

मी पाय उचलून परत दाबला. परत दाबला. काही नाही. एकदा मागच्या चाकांनी थोडंसं धरल्यासारखं वाटलं, मग तेही गेलं.

"ब्रेक गेला," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले की मनात, ते मला आजही सांगता येत नाही. नवरा तोंडावर दोन्ही हात धरून बसला होता आणि त्याच्या बोटांतून रक्त मांडीवर पडत होतं.

मी गियर पाडला. तिसरा पडताना खरखर झाली आणि इंजिन किंचाळल्यासारखं ओरडलं. गाडीला झटका बसला. सगळे पुढं आले. मग दुसरा. एका हातानं स्टिअरिंग धरवत नव्हतं, म्हणून गियर पाडायचा, लगेच हात परत स्टिअरिंगवर आणायचा, असं करत होते. स्टिअरिंग धरूनच तळहाताची कड हॉर्नवर दाबून ठेवली होती. आता डावीकडचा मुरूम घासत जायचं, एवढंच उरलं होतं.

आणि तेव्हा मला मोटारसायकल दिसली.

ती उलट्या बाजूनं वर येत होती, रस्त्याच्या डाव्या कडेनं, जिथं मला जायचं होतं तिथूनच. एक माणूस, मागं त्याची बायको, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. लांब जाऊन दुभाजक ओलांडायला नको म्हणून माणसं असंच येतात, रोज येतात. मी लाइट लावले, हॉर्न दाबला. तो आणखी कडेला सरकला. म्हणजे माझ्या आणखी पुढ्यात आला.

मी उजवीकडं ओढलं. अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं लावून ओढलं. माझ्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. गाडीचं तोंड त्यांच्या बाजूनं निघालं. तोंड निघालं, पण मागचा भाग नाही. मागून एक आवाज आला, पत्र्याचा, आणि त्याच्यात मिसळलेला दुसरा, मऊ. आरशात मला पांढरं दूध हवेत उडालेलं दिसलं.

मग मी गाडी सोडली डावीकडं. ती जायलाच टपली होती. डावी चाकं नालीत उतरली आणि पत्रा मुरमाला लागला. दगडं काचांवर आदळली. डावीकडचा आरसा उडाला, दाराचं हँडल उडालं, काच फुटून आत आली. मी हँडब्रेकचं बटन दाबून थोडा ओढला, सोडला, परत ओढला. मागं कुणीतरी देवाचं नाव घेत होतं आणि कुणीतरी नुसतं ओकत होतं. गाडी घासत, खरडत, कण्हत गेली आणि मुरमाच्या एका ढिगाऱ्यात नाक खुपसून उभी राहिली.

मी चावी फिरवली. मग हात स्टिअरिंगवरून निघेनात. एकेक बोट सोडवावं लागलं.

मागची म्हातारी मनगट धरून बसली होती. मनगट भलत्याच जागी वाकलं होतं. बाकीच्यांना काचा लागल्या होत्या, डोकी आपटली होती. पण सगळे हलत होते. मी खाली उतरून मागं पळाले. मोटारसायकलवाला रस्त्यावर पडला होता, त्याचा उजवा पाय मोटारसायकलखाली होता आणि पायाचं हाड पँटीतून बाहेर आलं होतं. रक्त आणि दूध मिळून उतारावरून खाली चाललं होतं. त्याची बायको दिसत नव्हती. मग नालीतून तिचा आवाज आला.

मी त्या माणसाजवळ बसले आणि ओढणीनं त्याची मांडी वरून आवळून बांधू लागले. तो माझ्याकडं बघत होता, पण त्याला मी दिसत होते असं वाटत नाही.

उताराच्या वर एक ढाबा होता. तिथून माणसं पळत आली. मागं थांबलेल्या ट्रकांतली उतरली, मोटारसायकलवाले थांबले. बघता बघता गर्दी झाली. आधी कुणी जखमीकडं पाहिलं, मग कुणीतरी विचारलं, "डायवर कुठंय?"

माझ्याकडं कुणी बघितलंच नाही. मी जखमीजवळ बसलेली कुणीतरी बाई होते. माणसं जीपकडं गेली. डावं दार मुरमाला लागलेलं, म्हणून माझा नवरा माझ्याच बाजूनं उतरून जीपजवळ उभा होता, दाराला धरून, तोंड रक्तानं माखलेलं.

"ह्योच त्यो. पळून चाललाय."

त्याला कॉलरला धरून ओढलं. पहिला फटका कुणी मारला ते दिसलं नाही. मग सगळेच मारायला लागले. हातांनी, चपलांनी, एकाच्या हातात ट्रकची टॉमी होती, चाक खोलायचं लोखंड. तो खाली पडला. लाथा सुरू झाल्या. मी ओरडत पळाले, गर्दीत घुसले.

"सोडा त्यांना. गाडी मी चालवत होते. मी चालवत होते."

"नवऱ्याला वाचवायला बघतीय," एक जण म्हणाला आणि मला बाजूला ढकललं.

कुणीतरी त्याला पायाला धरून ओढला आणि प्लास्टिकचा पाय सुटून त्या माणसाच्या हातात आला. एक क्षण सगळे थबकले. त्या माणसानं पाय खाली टाकला, जणू हाताला चटका बसला. मला वाटलं आता थांबतील.

"लंगडा असून गाडी चालवतोय का रं? माणसं मारायला?"

आणि मग आधीपेक्षा जास्त मारलं. मी टॉमीवाल्याच्या हाताला चावले. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं मला केसांना धरून भिरकावलं. आमच्या गाडीतली माणसं ओरडून सांगत होती, ही बाईच ड्रायव्हर आहे, टायर फुटलाय, ब्रेक गेलाय. कुणी ऐकत नव्हतं. आणि माझा नवरा एक शब्द बोलत नव्हता. मी चालवत नव्हतो, एवढे तीन शब्द. तो डोक्यावर हात धरून पडला होता आणि मार खात होता.

थांबवलं ते मोटारसायकलवाल्याच्या बायकोनं. ती नालीतून चढून आली, अर्धी साडी फाटलेली, कपाळ फुटलेलं. तिचा आवाज मोठा नव्हता.

"माझा माणूस तिकडं मरायलाय आन् तुमी हिकडं काय करताव? ह्याला मारून त्याचा पाय जोडणार हाय का? गाडी घ्या कुणीतरी. उचला त्यास्नी."

माणसं बाजूला झाली. मग ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "गाडी ही बाई चालवत व्हती. म्या बघितलंय हिला. लांबनं हात दाबून हॉर्न वाजवत व्हती."

टॉमीवाल्यानं टॉमी खाली केली. एक वयस्कर माणूस माझ्यासमोर आला, त्यानं मला नीट बघितलं आणि सणसणीत थोबाडीत मारली. मग तोच वळला आणि जखमीला उचलायला खांदा दिला.

धाराशिवच्या दवाखान्यात माझ्या नवऱ्याच्या बरगड्या मोडल्याचं निघालं. नाक तर मीच मोडलं होतं. एका डोळ्याला पुढं कायमचं अंधूक दिसायला लागलं. मोटारसायकलवाल्याच्या पायात सळई घातली, पण पाय वाचला. पोलीस आले, माझा जबाब घेतला, माझ्यावर गुन्हा दाखल झाला. गाडीची तपासणी झाली तेव्हा टायरच्या बाजूला लोखंडानं झालेला काप आणि फाटलेली ब्रेकची नळी सापडली. तपासणाऱ्यानं लिहिताना मान वर करून विचारलं, "बाई, टायर फुटल्याबरोबर तुम्ही ब्रेक मारला नाही?"

"नाही."

"मारला असता तर गाडी आडवी होऊन तिथंच उलटली असती," असं काहीतरी तो पुटपुटला आणि लिहीत राहिला. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मला ते दूध दिसत होतं.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात मी नवऱ्याला विचारलं होतं, "तुम्ही बोलला का नाही? मी चालवत नव्हतो, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"तुला मारलं असतं."

"मारलं असतं तर मारलं असतं."

नाकात कापूस होता, त्यामुळं त्याचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

"माझ्या हातनं माझा जोडीदार गेला," तो म्हणाला, "तवा लोकांनी मला बाहेर काढलं, पाणी पाजलं, डोक्याखाली टॉवेल ठिवला. एकानं एक शिवी दिली न्हाय. म्या ब्रेक मारला हे कुणाला कळलंच न्हाय."

मी त्याचा हात धरला नाही. कारण त्याच हातानं त्यानं स्टिअरिंग ओढलं होतं, आणि ते मला अजून माफ करायचं होतं. त्यालाही ते कळत होतं. "म्या स्टिअरिंग धरायला नको व्हतं," तो म्हणाला. मी म्हणाले, "नाक दुखतंय का?" तो म्हणाला, "लई."

मोटारसायकलवाला घरी आल्यावर मी त्याला बघायला गेले. खाटेवर पडला होता. मला पाहून त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. त्याच्या बायकोनं मला बसायला पाट दिला, पण चहाचं विचारलं नाही. म्हशी विकाव्या लागणार होत्या, कारण दूध घालायला जायला कुणी नव्हतं. मी निघताना तो भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "हॉर्न ऐकला व्हता. मला वाटलं बाजूला हो म्हणताय, म्हणून कडंला झालो."

"मला कडेलाच यायचं होतं," मी म्हणाले. "माझे ब्रेक गेले होते."

"ते मला कसं कळावं?"

मी पायात चपला घातल्या. दारापर्यंत त्याची बायको आली. तिनं माझ्या गालाकडं बघितलं, जिथं थोबाडीत बसली होती, आणि विचारलं, "तुमचं मालक बोलायलेत का आता?"

"थोडं थोडं."

"आमचं माझ्याशी न्हाय बोलत," ती म्हणाली आणि आत गेली.

गाडी दुरुस्त होऊन आली. नवीन टायर, नवीन नळ्या, डावी बाजू पूर्ण नवा पत्रा. कोर्टाच्या तारखा चालू आहेत. त्या म्हातारीच्या नातवाला जामीन मिळाला की नाही ते मला कळलं नाही. एक दिवस मी गाडी कळंबच्या स्टँडबाहेर नेऊन लावली. काही माणसं बघून पुढं गेली. नवरा आला आणि या वेळी मागच्या सीटवर बसला, इतर लोकांसारखा, खिडकीजवळ. मी वळून पाहिलं. तो म्हणाला, "बघतीस काय? भरली की निघ."

गाडी भरायला वेळ लागला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. शेजारून एक ट्रक हवेचा ब्रेक सोडून फुस्स करत गेला आणि मागच्या सीटवर माझा नवरा दचकल्याचं मला आरशात दिसलं. मीही दचकले होते. तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई आली, तिनं दार उघडलं, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "धाराशिव व्हय?"

"हो," मी म्हणाले. "बसा, मावशी."